दर्या वरनं तापलाय म्हणजे नेमकं काय? तारली, बांगडा आणि तौक्तेचं वादळ

शहापूरची_खानावळ
नमस्कार मंडळी. माझी बेळगावच्या शहापुरात खानावळ हाय, बुधवार-शुक्रवार-रविवार मासे असतात. मासा येतो कारवारचा, गोव्याचा, कधी मालवणचा. मधी दोन-तीन वर्षं तारली जवळजवळ बंदच झालती, गिऱ्हाईक विचारून विचारून थकलं. मग एकदम आली ती पण बोटाएवढी, साफ करताकरता बायकांचे हात दुखतात आणि ताटात काही दिसत नाही. आणि यंदा एप्रिल संपल्यापासनं बांगड्याची पेटी कधी येते कधी येत नाही. टेंपोवाल्याला विचारलं तर म्हणतो, अक्का दर्या वरनं तापलाय, मासा खाली गेलाय.

आता टीव्हीवर सांगतात की समुद्र तापला म्हणून वादळं एका रात्रीत भयंकर होतात. मग माझा प्रश्न असा की एकच गरम पाणी वादळाला ताकद देतं आणि माशाला उपाशी ठेवतं, हे कसं काय? कुणाला खरंच माहीत असेल तर नीट सांगा, मला उगाच काहीतरी वाटतंय म्हणून लिहिलेलं नको, कारण गिऱ्हाईकाला मला उत्तर द्यावं लागतं.

निपाणीकर_हवामान
काकी सोपं आहे. समुद्राचं पाणी साडेसव्वीस डिग्रीच्या वर गेलं की वादळ तयार होऊ शकतं. तीसच्या वर गेलं की त्याला समुद्री उष्णतेची लाट म्हणतात. आणि एकतीस झालं की वादळ चोवीस तासात डबल होणार म्हणजे होणारच. मी रोज सॅटेलाइटचा नकाशा बघतो, लाल दिसलं की समजायचं. माशाचं पण तेच, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो म्हणून मासे मरतात.

खानापूर_काजू
उष्णतेची लाट म्हणाल तर आमच्याकडं पण यंदा लई होती, मार्चमधीच काजूचा मोहोर करपला. ही समुद्रातली लाट घाट चढून आमच्याकडं येते काय? चोर्ल्याच्या बाजूनं दुपारी असा गरम वारा येतोय की बोलायची सोय नाही.

आणि तौक्ते म्हणाल तर २०२१ च्या मे महिन्यात माझी सतरा झाडं मुळासकट गेली, काजूची शेवटची वेचणी राहिली होती, सगळं बी चिखलात. तीन दिवस लाइट नाही. समुद्र इथनं एवढा लांब आणि नुकसान आमच्या दारात, म्हणून मी पण हा धागा वाचणार.

जहाजावरचा_जुना
मी मूळचा खानापूर तालुक्यातला, नोकरी गोव्यात समुद्रविज्ञानाच्या जहाजांवर झाली, आता निवृत्त. पाण्यात यंत्र सोडून वरपासून खालपर्यंत तापमान आणि खारटपणा मोजायचा, हेच काम तीस वर्षं केलं. त्यामुळं अक्कांच्या प्रश्नाला हात घालतो, जरा लांब होईल.

काजूवाले दादा, आधी तुमचं. समुद्रातली लाट आणि बेळगावातला उन्हाळा हे दोन वेगळे. तुमच्या मोहोरावर जो गरम वारा आला तो बहुतेक जमिनीवरनं तापून आलेला, समुद्रावरनं येणारा वारा त्या मानानं गार आणि दमट असतो. तौक्तेचं नुकसान मात्र समुद्राचंच देणं, त्याच्याकडं येतो.

आता निपाणीच्या भावाचं. साडेसव्वीसचं बरोबर आहे. पण तीसच्या वर गेलं म्हणजे लाट, हे बरोबर नाही. लाट ठरवताना त्या जागेचं, त्या तारखेचं, साधारण तीस वर्षांचं रेकॉर्ड काढतात आणि दहातल्या नऊ वेळा पाणी ज्याच्या खाली असतं त्या रेषेच्या वर ते सलग पाच दिवस तरी राहिलं तर लाट म्हणतात. म्हणजे जानेवारीत साडेअठ्ठावीस डिग्रीला पण लाट असू शकते, आणि मे महिन्यात लक्षद्वीपजवळ तीस डिग्री असूनही लाट नसू शकते कारण तिथं मे मध्ये पाणी तेवढं तापतंच. वादळाला मात्र रेकॉर्डशी देणंघेणं नाही. त्याला प्रत्यक्ष उष्णता लागते, आणि ती किती खोल आहे त्याच्यावर सगळं अवलंबून असतं.

लहानपणी उन्हाळ्यात विहिरीत उडी मारलेल्यांना हे लगेच कळेल. वर छातीपर्यंत पाणी कोमट आणि पायाला एकदम गार लागतं. नुसतं वरनं हात घालून बघणारा म्हणणार विहीर तापलीय. सॅटेलाइट असंच वरनं हात घालून बघतो. पण चार पोरांनी दंगा करून पाणी ढवळलं की वरचं कोमट पाणी खालच्या गारात मिसळतं आणि सगळीच विहीर गार लागते.

वादळ म्हणजे तोच दंगा, फक्त पन्नास-शंभर मीटर खोलपर्यंत. वादळाचं इंधन म्हणजे समुद्रावरनं उठणारी वाफ. हवा एक डिग्रीनं गरम झाली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. पण वादळ स्वतःच पाणी ढवळतं, खालचं गार वर आणतं आणि स्वतःची चूल विझवतं. वादळ गेलं की त्याच्या मागं समुद्रात दोन-तीन डिग्री गार झालेला पट्टा राहतो, तो नकाशात स्पष्ट दिसतो. खालचं पाणी पण गरमच असेल तर मात्र ढवळलं तरी गरमच वर येतं आणि चूल पेटतीच राहते. मग चोवीस तासात वाऱ्याचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटर किंवा त्याच्यापेक्षा जास्त वाढतो, त्यालाच झपाट्यानं तीव्र होणं म्हणतात.

मीनल_टिळकवाडी
काका, मी शाळेत गणित शिकवते. विहिरीचं पटलं. पण आकड्यात सांगाल का? वर एकतीस पण पातळ थर, आणि वर एकोणतीसच पण जाड थर, यात फरक किती पडतो? नकाशात तर एकतीसच लाल दिसणार.

जहाजावरचा_जुना
मॅडम, साधा हिशेब करू. सव्वीसच्या वर जेवढी डिग्री आहे ती आणि थराची जाडी मीटरमध्ये, यांचा गुणाकार करायचा. शास्त्रज्ञ त्याला पाण्याची घनता वगैरे लावून पुढं नेतात, पण तुलना करायला एवढं पुरतं.

एक जागा घ्या, पंधरा मीटरपर्यंत एकतीस डिग्री आणि त्याच्याखाली लगेच सव्वीस. पाच गुणिले पंधरा म्हणजे पंच्याहत्तर. दुसरी जागा, साठ मीटरपर्यंत सरळ एकोणतीस. तीन गुणिले साठ म्हणजे एकशेऐंशी. वरनं दोन डिग्रीनं गार दिसणाऱ्या पाण्यात दुपटीपेक्षा जास्त उष्णता.

आता दोन्हीकडं वादळानं वरचे पन्नास मीटर ढवळले असं धरू. दुसऱ्या जागेत काहीच बदलत नाही, एकोणतीसचं एकोणतीसच राहतं. पहिल्या जागेत पंधरा मीटर एकतीसचं आणि पस्तीस मीटर सव्वीसचं मिसळलं की?

मीनल_टिळकवाडी
४६५ अधिक ९१०, १३७५, भागिले ५०. साडेसत्तावीस. म्हणजे साडेतीन डिग्रीनं खाली आलं! वादळाला एकतीस मिळणार असं आपण धरलं आणि त्याच्या खाली प्रत्यक्ष साडेसत्तावीसच उरलं. उद्या नववीच्या पोरांना हेच उदाहरण घालते.

निपाणीकर_हवामान
ओके काका, मी नुसता वरचा नकाशाच बघत होतो, हे मान्य. पण मग अम्फान? २०२० ला बंगालच्या उपसागरात लाट होती आणि लगेच सुपर सायक्लोन झालं, ते तर सिद्ध आहे ना?

जहाजावरचा_जुना
अम्फानचं उदाहरण चांगलं आहे. १६ मे च्या संध्याकाळी ते साधं चक्रीवादळ झालं आणि १८ ला सुपर सायक्लोन, दोन दिवस पण लागले नाहीत. त्याच्या वाटेत पाण्याची लाट होती, नेहमीपेक्षा अडीच डिग्रीच्या वर, त्याच्यावर शोधनिबंध झालेत. पण तिथं अजून एक गोष्ट आहे. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरतं. गोडं पाणी हलकं, ते खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही, झाकणासारखं बसतं. मधे एक थर राहतो जो खारट असतो पण गरम असतो. वादळानं झाकण फोडलं तरी पहिल्यांदा हाच गरम थर हाताला लागतो, गार पाणी अजून खालीच.

आणि हे आपल्या बाजूला पण होतं. हिवाळ्यात उपसागरातलं कमी खारट पाणी लंकेला वळसा घालून केरळ-लक्षद्वीपच्या बाजूला येतं. मार्च-एप्रिलमध्ये वारा पडलेला, आभाळ मोकळं, ऊन डोक्यावर. मग तिथं पाणी तीसच्या वर जातं. मे महिन्यात आपल्याकडची वादळं जिथनं उठतात ती हीच जागा. तौक्ते १४ मे २०२१ ला तिथंच कमी दाबाचा पट्टा होता. १५ च्या सकाळपर्यंत चक्रीवादळ. १६ ला पहाटे गोव्यासमोर येईतो अतितीव्र, म्हणजे ताशी ११८ च्या वर. आणि १७ ला पहाटे ताशी १६७ ची पुढची पायरी ओलांडून १८५ च्या आसपास. म्हणजे एका दिवसात. त्याच रात्री दीवजवळ गुजरातच्या किनाऱ्याला धडकलं.

तौक्तेची वाट बघा, किनाऱ्याला धरून सरळ उत्तरेला. आडवं जाऊन जमिनीवर चढलं असतं तर लवकर मेलं असतं. हे तीन-साडेतीन दिवस गरम पाण्यावरनंच चाललं.

मीनल_टिळकवाडी
मग एक शंका. पाणी जुलै-ऑगस्टला पण सव्वीसच्या वर असतंच ना? तेव्हा आपल्याकडं अशी वादळं का होत नाहीत? म्हणजे पाण्यापेक्षा दुसरंच काहीतरी महत्त्वाचं असलं पाहिजे.

जहाजावरचा_जुना
असतं. पावसाळ्यात खालचा वारा नैऋत्येकडनं आणि पंधरा किलोमीटर वरचा वारा पूर्वेकडनं, दोन्ही जोरात. वादळाचा खांब उभाच राहत नाही, वरचं टोक एकीकडं आणि बूड दुसरीकडं ओढलं जातं. म्हणून अरबी समुद्रात वादळाचे मुख्य हंगाम दोनच, पावसाच्या आधी आणि पावसानंतर. निपाणीच्या भावाचं "होणारच म्हणजे होणारच" इथं चुकतं. गरम खोल पाणी असलं तरी वरचा वारा आडवा आला किंवा वाळवंटाकडनं कोरडी हवा आत शिरली की वादळ बसतं. आणि उलटं, लाट नसतानाही वादळ झपाट्यानं वाढू शकतं. किती वाटा पाण्याचा आणि किती वाऱ्याचा, हे एकेका वादळाचं वेगळं काढायला अजून पण जड जातं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या लोकांनी दाखवलंय की २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या काळापेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, आणि ते वाढत्या तापमानाशी जोडलंय. तेवढं मी खात्रीनं सांगतो.

टेंपो_चोर्ला
अक्का, टेंपोवाला म्हणजे मीच की. माझं आजोळ कारवारकडचं माजाळी, मामा रापणीला जायचे, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायच्या जाळ्याला.

हे झपाट्यानं वाढणं म्हणजे काय ते बोटीवरच्या माणसाला विचारा. बोट तासाला चौदा-पंधरा किलोमीटर जाते, जास्तीत जास्त. दीडशे किलोमीटर आत असली तर बंदराला लागायला दहा तास. आणि तेवढ्यात वादळ एका पायरीवरनं दुसऱ्या पायरीवर गेलेलं असतंय. २०१७ ला ओखीत हेच झालं, २९ नोव्हेंबरला नुसता दाबाचा पट्टा आणि ३० ला चक्रीवादळ, केरळ-तामिळनाडूचे कितीतरी लोक परत आले नाहीत. त्यांच्या बोटी वाहत वाहत पार देवगडपर्यंत आसऱ्याला आल्या होत्या. त्या दिवसापासनं मामी रेडिओवर इशारा आला की मामांना दारातनं बाहेर जाऊ देत नाहीत.

आणि तौक्तेच्या वेळी मासा का नव्हता ते मी सांगतो, त्याला शास्त्र लागत न्हाई. एक जूनपासनं आमच्याकडं दोन महिने बंदी. त्याच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे कमाईचे शेवटचे दिवस. नेमकं त्यातच वादळ, बोटी बांधलेल्या, काही फुटलेल्या, वरनं लॉकडाऊन. दर्यात मासा असो नसो, पेटी कुठनं येणार?

शहापूरची_खानावळ
भाऊ ते खरं. पण यंदा वादळ नाही आणि बोटी जातायत तरी बांगडा नाही, ते?

टेंपो_चोर्ला
यंदा असं होतंय अक्का, रापणवाल्याला काही मिळत न्हाई आणि खोल जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरला बांगडा मिळतो. आधी बांगडा वरच्यावर झुंडीनं यायचा, पाणी नुसतं तांबूस दिसायचं. आता तळाच्या जाळ्यात येतोय. मामा म्हणतात वरचं पाणी चटका देतंय. पण खरं सांगू, मला त्यापेक्षा मोठं कारण पर्ससीन आणि लाइटची मासेमारी वाटते. रात्री दिवे लावून सगळी झुंड एका घेरात. पिल्लंसुद्धा सोडत न्हाईत. मग दर्याच्या उन्हाला दोष देऊन काय उपयोग?

निपाणीकर_हवामान
पण माझा ऑक्सिजनचा मुद्दा? मासे मरतात म्हणूनच कमी होतात ना?

जहाजावरचा_जुना
गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो हे खरं, पण बांगडा-तारली पोहणारे मासे आहेत, ते मरायच्या आधी निघून जातात. जागेला चिकटलेल्यांचं वेगळं, प्रवाळ पांढरं पडतं, ते पळू शकत नाही.

टेंपोवाल्या भावानं बांगड्याचं जे सांगितलं ते केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी पण लिहून ठेवलंय. बांगडा पूर्वी वरच्या पाण्यातला मासा, आता तळाच्या जाळ्यात जास्त मिळायला लागला आणि उत्तरेकडं पण सरकला. तारलीचं तसंच, पूर्वी मुख्यतः केरळ आणि दक्षिण कर्नाटकाची, नंतर महाराष्ट्राच्या वर पर्यंत मिळायला लागली.

आता अक्कांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. वादळाला पाण्यातली उष्णता हवी. तारलीला खाणं हवं. ते खाणं म्हणजे सूक्ष्म वनस्पती, डोळ्याला न दिसणारं शेवाळ म्हणा. त्याला ऊन लागतं, ते वर भरपूर आहे. आणि खत लागतं, ते खाली गार पाण्यात आहे. शेतात कसं, ऊन कितीही असलं तरी खताशिवाय पीक येत नाही, तसंच. केरळपासून कारवारपर्यंत पावसाळ्याचा वारा किनाऱ्याचं वरचं पाणी बाजूला ढकलतो आणि खालचं गार, खताचं पाणी वर येतं. पाणी हिरवं होतं, तारली त्याच सुमाराला अंडी घालते, पिल्लांना खाणं मिळतं.

वरचा थर जास्त तापला की तो जास्त हलका होतो, झाकण घट्ट बसतं. तेवढाच वारा असला तरी खालचं पाणी वर यायला जड जातं. म्हणजे जे झाकण वादळासाठी उष्णता साठवून ठेवतं तेच झाकण माशाचं खत खाली कोंडून ठेवतं. म्हणून एकाला ताकद आणि दुसऱ्याला उपास.

शहापूरची_खानावळ
आता डोक्यात बसलं. खत खाली अडकलंय. हे मी गिऱ्हाईकाला सांगू शकते.

पण मग तारली परत आली कशी? आणि बारीक का? झाकण उघडलं म्हणायचं तर मोठी यायला पाहिजे होती की.

जहाजावरचा_जुना
हे मला पण सगळ्यात रंजक वाटतं. केरळचे आकडे बघा, २०१२ ला जवळजवळ चार लाख टन तारली, आणि २०२१ ला फक्त ३,२९७ टन. तुमच्याकडं बंद झालती ती हीच वर्षं. पुढच्याच वर्षी पुन्हा लाखाच्या वर गेली. म्हणजे हा मासा असाच आहे, आयुष्य दोन-तीन वर्षांचं, एक पावसाळा बरा गेला की पिल्लं प्रचंड होतात, दोन बिघडले की संपल्यात जमा. २०१५ च्या एल निनोनंतरची घसरण पण मत्स्य संशोधन संस्थेनं तापमानाशीच जोडली होती.

२०२४ ला पावसाळा अनुकूल झाला, पिल्लं एवढी जगली की दर्या भरून गेला. पण खाणारी तोंडं वाढली आणि खाणं तेवढंच. दाट लावलेल्या रोपासारखं झालं, सगळीच जगतात पण एकही पोसत नाही. संस्थेचं म्हणणं असं की बारीक तारलीचं मुख्य कारण ही गर्दी. म्हणजे तुमची बोटाएवढी तारली ही गरम पाण्यानं खुरटली असं सरळ म्हणता येत नाही.

टेंपो_चोर्ला
काका बाकी सगळं मान्य. पण २०१२ ला चार लाख टन काढली म्हणजे किती काढली! त्याच्यानंतर पडली, तर काढल्यामुळं पडली की उन्हामुळं?

जहाजावरचा_जुना
दोन्ही. आणि वाटे किती किती ते मी सांगू शकत नाही, सांगणाऱ्यांचं एकमेकांत जमत पण नाही. अंडी घालणारा मासा आधीच कमी करून ठेवला आणि मग वाईट वर्ष आलं तर सावरायला वेळ लागतो, एवढं नक्की.

टेंपो_चोर्ला
मग बंदी दोन महिन्यांची न्हाई, दिव्यावर बारा महिने पाहिजे. मी माझ्या मतावर हाय.

मीनल_टिळकवाडी
अजून एक. वादळ पाणी ढवळतं म्हणजे झाकण फोडतं, म्हणजे खत वर येतं. मग वादळानंतर मासा वाढायला पाहिजे, बरोबर?

जहाजावरचा_जुना
तर्क बरोबर आहे. वादळ गेल्यावर काही दिवसांत त्या गार पट्ट्यात हिरवेपणा वाढलेला सॅटेलाइटला दिसतो, ढग हटले की. पण तो दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, आणि बहुतेक वेळा खोल समुद्रात असतो. शेवाळ ते मासा हा प्रवास एवढ्यात होत नाही, फार तर आधी असलेला मासा तिकडं खायला जमतो. शिवाय खालनं वर येणारं पाणी कधी कधी ऑक्सिजन कमी असलेलं असतं, ते किनाऱ्याच्या उथळ भागात शिरलं की मासा उलट पळतो. म्हणून "वादळानंतर मासा वाढतो" असं छाती ठोकून मी म्हणणार नाही. काही ठिकाणी वाढलेला दिसलाय, काही ठिकाणी नाही.

टेंपो_चोर्ला
मामा म्हणायचे वादळानंतरच्या पहिल्या फेरीत कोळंबी बरी मिळते, पाणी गढूळ असतंय म्हणून. पण ते किनाऱ्याजवळचं.

खानापूर_काजू
मी आपला एक विचारतो. पुढच्या वेळी मे महिन्यात काजू वेचायचं राहिलेलं असताना मला आठवडाभर आधी कळेल असं काही बघता येतंय काय? नुसतं लाल पाणी बघून उपयोग नाही हे कळलं.

निपाणीकर_हवामान
दादा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राच्या साइटवर दोन वेगळे नकाशे असतात हे मी आत्ता शोधून बघितलं. एक समुद्री उष्णतेच्या लाटेचा आणि दुसरा वादळाला मिळू शकणाऱ्या उष्णतेचा, त्यात खोली धरलेली असते, म्हणजे काकांचा तो डिग्री गुणिले मीटरवाला हिशेब. मी आतापर्यंत दुसरा कधी उघडलाच नव्हता. आज बघितलं तर दोन्ही नकाशांचे रंग जुळत नाहीत, जिथं लाट दाखवतोय तिथं उष्णता फार नाही आणि लक्षद्वीपच्या बाजूला उलटं. काका, हे बरोबर वाचतोय ना?

जहाजावरचा_जुना
बरोबर वाचतोयस. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात लाट दिसेल पण खोलीच नाही तर साठा कुठनं येणार. एक सांभाळ, ढगाळ दिवसात सॅटेलाइटला पाण्याचं तापमान नीट दिसत नाही, आणि वारा पडलेल्या दुपारी वरचा अगदी वीतभर थर दोन डिग्री जास्त दाखवतो, रात्री तो मोडतो. म्हणून एका दिवसाच्या लाल रंगावर जाऊ नकोस, पाच-सहा दिवस तोच रंग टिकतोय का बघ. खालचं तापमान समुद्रात सोडलेल्या तरंगत्या यंत्रांवरनं येतं, ती दहा दिवसांतनं एकदा वर येतात, त्यामुळं मधल्या जागा अंदाजानंच भरलेल्या असतात.

काजूवाले दादा, नकाशा तुम्हाला एवढंच सांगणार की वादळ उठलंच तर त्याला वाटेत खायला किती आहे. उठणार का आणि कुठं जाणार ते हवामान खात्याच्या इशाऱ्यावरच बघायचं. पण दोन्ही एकत्र आले, म्हणजे लक्षद्वीपजवळ दाबाचा पट्टा आणि किनाऱ्याला धरून खोल गरम पाणी, तर पहिल्या इशाऱ्यात लिहिलेल्या पायरीपेक्षा एक पायरी वरची धरून काजू वेचून घ्या. तौक्तेला तुम्हाला साधारण दोन दिवस मिळाले असते.

खानापूर_काजू
दोन दिवसात चार बायका लावून अर्धं बी तरी घरात आलं असतं. लिहून ठेवतो.

शहापूरची_खानावळ
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी ताटाला बांगडा नसला तर आता काय सांगायचं ते मला माहीत आहे. भाऊ, उद्याची पेटी येणार की नाही तेवढं रात्रीच कळवा, नाहीतर मी सुकट भिजत घालते.

टेंपो_चोर्ला
अक्का, ट्रॉलर पहाटे चारला लागतो. बांगडा आहे म्हणालेत पण तळाचा, बर्फात जरा मऊ पडलेला असणार. तारली बारीकच. घेऊन येऊ काय?

शहापूरची_खानावळ
बांगडा दोन पेट्या आणा. तारली नको, पिल्लं हायत ती.